‘मलाच वास येत नाही’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

‘मुलाखतीला जाताना कपड्याच्या आत एकच फवारा, तोही दीड तास आधी! असले सल्ले देणाऱ्यांनी आयुष्यात कधी मुलाखत घेतली आहे का? लावलेला वास अर्ध्या तासात माझा मलाच येत नाही, टेबलापलीकडच्याला कुठून येणार? आणि एक फवारा म्हणजे नेमका किती? सौम्य सुगंध वगैरे सगळं बाटल्या विकायचं नाटक आहे.’
– एक कंटाळलेला वाचक

नमस्कार,

मुलाखतीला जाताना परफ्यूम किती लावावा यावरचा माझा लेख कंटाळूनही शेवटपर्यंत वाचलात, आभार. मतभेदाचं मला वावडं नाही, पण तुमचा पहिला प्रश्न हा प्रश्न नसून टोमणा आहे, आणि टोमणा मारण्याआधी माणसाने निदान चौकशी करावी. घेतल्या आहेत मुलाखती. नोकरीतली बरीच वर्षं मी उमेदवारांच्या समोरच्या खुर्चीत काढली आहेत, आणि त्याआधी परफ्यूमच्या काउंटरवर उभं राहून लोकांच्या मनगटांवर फवारे मारले आहेत. दोन्हीकडे नाकाचंच काम होतं म्हणा ना.

फवाऱ्याच्या मापाबद्दल तुमचं म्हणणं मान्य. साधारण ०.१ मिलिलिटर धरतात, पण पंपानुसार ते कमीजास्त होतं. काही बाटल्या धुक्यासारखं सोडतात, काही थेंबच अंगावर फेकतात. तुमची दुसऱ्या प्रकारातली असेल तर अर्धंच दाबा. झालं.

आता तुमचं ते अर्ध्या तासाचं वाक्य. तुम्हाला वास येईनासा होतो, हे शंभर टक्के खरं. त्यावरून तो उडून गेला असं तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत, तिथेच सगळं फसलं. सतत येणाऱ्या वासाची दखल घेणं नाक आणि मेंदू काही मिनिटांतच कमी करतात. प्रत्येक घराला स्वतःचा एक वास असतो, तो पाहुण्याला दारातच जाणवतो आणि घरच्यांना कधीच नाही, तसंच हे.

त्यात भर म्हणजे एक भाग खरोखरच उडतो. लिंबू, संत्रं, बर्गामोट यांसारखे वरचे, हलके गंध पहिल्या पंधरा ते तीस मिनिटांत निघून जातात, आणि ते चटकन जाणवणारे असल्यामुळे सगळंच गेलं असं वाटतं. पण खालचे लाकडी, अंबरसारखे आणि कस्तुरीच्या जातीचे गंध जड रेणूंचे असतात. ते सावकाश सुटतात, त्वचेवर कित्येक तास आणि कापडावर कधीकधी कित्येक दिवस राहतात. शिवाय काही कृत्रिम कस्तुरीगंध काही लोकांना मुळात येतच नाहीत. शेजारचा नाक मुरडतो आणि लावणारा बाटली उलटीसुलटी करून बघत राहतो. असे ग्राहक मी काउंटरवर पाहिले आहेत. मनगट हुंगायचे, ‘काहीच येत नाही’ म्हणायचे, आणखी मारायला सांगायचे. रांगेतला मागचा माणूस तोवर दोन पावलं मागे सरकलेला असायचा.

मुलाखतीतलं उदाहरणही देते, म्हणजे पुन्हा ‘कधी घेतली का’ नको. एका उमेदवाराची वेळ अकराची होती, आमचं वेळापत्रक कोलमडलं आणि त्याला बोलावेपर्यंत साडेबारा झाले. तो आत आला तसा लिंबू आणि अल्कोहोलचा ताजा तिखट वास आला, खाली गोडसर लाकडी वासाचा जाड थर. घरून निघताना लावलं असतं तर साडेबाराला लिंबाचा मागमूस राहिला नसता. म्हणजे बाहेर बसल्या बसल्या वास येईनासा झाला, आणि गड्याने पुन्हा मारला, बहुधा मानेला आणि मनगटांना. तुमच्याच तर्काने! खोली लहान, खिडकी बंद, तीच हवा एसीतून फिरणारी. माझ्या सहकाऱ्याला अर्धशिशीचा त्रास, त्याने आधी दार उघडायला लावलं, मग खुर्ची सरकवली, मग पाणी मागवलं. उमेदवाराची उत्तरं चांगली होती, पण प्रत्येक वेळी मधेच तुटत होती आणि का तुटताहेत हे त्याला कळत नव्हतं. हस्तांदोलनानंतर तो वास माझ्या तळहातावर आला आणि तिथून पुढच्या उमेदवाराच्या कागदांना लागला. निवड झाली की नाही ते सांगणार नाही, कारण त्यावरून तुम्ही आणखी एक प्रतिक्रिया लिहाल.

स्वतःचं नाक साक्षीला चालत नाही, तर मग तपासायचं कसं, हे तुम्ही विचारायला हवं होतं. विचारलं नाहीत, तरी सांगते. मुलाखतीच्या आधी एखाद्या रिकाम्या दिवशी तालीम करा. अंघोळीनंतर वीतभर अंतरावरून छातीवर किंवा पोटावर एक फवारा, तो वाळला की कपडे. मानेवर नको. तिथून तो थेट तुमच्याच नाकात जातो आणि नाक लवकर बधिर होतं, समोरच्यालाही झाकण नसलेला वास मिळतो. कोटावर किंवा शर्टावर तर अजिबात नको, मागच्या खेपेचा उरलेला वास त्यात आधीच बसलेला असतो. दीड तासाने अशा माणसाला भेटा जो सकाळपासून तुमच्यासोबत घरात नव्हता, कारण घरच्यांचं नाकही तुमच्याइतकंच सरावलेलं असतं. हातभर अंतरावर उभे राहा. तिथे त्याला वास आला तर मुलाखतीच्या मानाने तो जास्त आहे. जवळ झुकल्यावरच आला तर ठीक. असं कुणी मिळत नसेल तर आतला बनियन काढून ठेवा, पंधरावीस मिनिटं बाहेर मोकळ्या हवेत फिरा आणि परत येऊन तो हुंगा. ‘उडून गेलेला’ वास तिथे सापडेल. कॉफीच्या बिया हुंगायची गरज नाही, साधी हवा पुरते.

आणि काहीच न लावणं हाही पर्याय मी मूळ लेखात दिला होता, तो तुम्ही सोयीस्कर गाळलात. रुग्णालय, प्रयोगशाळा, स्वयंपाकघर किंवा चव घेण्याचं काम असेल तर शून्य फवारे. पहिल्या भेटीतही, समोरच्याला दमा किंवा अर्धशिशी आहे का हे ठाऊक नसताना, मी स्वतः काही लावत नाही. फक्त शून्य म्हणजे खरंच शून्य का, ते बघा. वासाचं डिओडरंट, केसांचं तेल आणि कपड्यांचा सॉफ्टनर मिळून कधीकधी बाटलीवर मात करतात.

जास्त झालंच तर नुसतं पाणी मारून उपयोग नाही, हे गंध तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतात. कापसावर थोडं सॅनिटायझर घेऊन पुसा आणि मग साबणाने धुवा. पूर्ण जाणार नाही, निम्मं तरी उतरेल.

राहता राहिलं बाटल्या विकण्याचं. एकाही बाटलीचं नाव मी लेखात घेतलेलं नाही. पन्नास मिलिलिटरच्या बाटलीत, वरच्या मापाने, साधारण ५०० फवारे बसतात. मुलाखतीला एक या हिशेबाने ती संपवायला किती नोकऱ्या शोधाव्या लागतील, तेवढं गणित तुम्हीच करा. विक्रीचा इतका वाईट सल्ला काउंटरवर दिला असता, तर पहिल्याच आठवड्यात मला घरी पाठवलं असतं.