पेटी, ट्यूशन आणि 20 मार्क

आमच्या शाळेत शिक्षकांसाठी आचारसंहिता लिहायचं काम गेल्या वर्षी आम्हा तिघांच्या गळ्यात पडलं. पहिल्या मीटिंगला निष्ठा, समर्पण, गुरुपरंपरा असलं सगळं येऊन गेलं. मी म्हटलं, ते राहूदे सुविचाराच्या फळ्यावर, आधी 20 मार्कांचं बोलूया.

मी देवगडकडच्या एका हायस्कूलात गणित शिकवते. 10वीला गणिताचे 80 मार्क लेखी, ते पेपर बाहेर तपासले जातात, आणि 20 मार्क अंतर्गत, ते माझ्या हातात. आता त्याच पोराची संध्याकाळी मी पैसे घेऊन ट्यूशन घेतली तर ते 20 देताना माझा हात कुठे झुकेल हे मलाच सांगता यायचं नाही.

हे सुचलं ते एका आईमुळे. काजूच्या कारखान्यात जाते, ऑगस्टमध्ये शाळेत आली आणि म्हणाली, "बाई, झिलाक संध्याकाळी जरा बसवा, पैशे किती ते सांगा." पोरगा माझ्याच वर्गातला, बीजगणितात पार गाळात. नाही म्हणावं तर तालुक्याच्या क्लासला जायला एसटी सातनंतर नाही, हो म्हणावं तर हे 20 मार्क. शेवटी शाळा सुटल्यावर 45 मिनिटं, वर्गातच, ज्याला यायचं त्याने यावं आणि फी शून्य असं ठरवलं. पाच पोरं बसायची.

कायदा बघायला गेलं तर शिक्षण हक्क कायदा, 2009, कलम 28 सरळ सांगतं की शिक्षकाने खाजगी शिकवणी घ्यायची नाही. पण तो कायदा 8वीपर्यंतचा, म्हणून 9वी-10वीचं काय यावर स्टाफरूममध्ये चहा गार होईपर्यंत वाद. आमच्यातला एक तरुण शिक्षण सेवक म्हणाला, मॅडम, महिन्याला 18,000 मानधन, घरभाडं, गाडीचा हप्ता, तीन वर्षं असंच काढायचं, तुम्हाला बोलायला काय जातं. खरं सांगते, मला उत्तर देता आलं नाही. तरी मी माझ्या मतावर राहिले, फक्त रेषा जरा वेगळी आखली: ज्या पोराचे मार्क तुमच्या हातात, त्याच्या घरचा पैसा तुमच्या खिशात नको, मग क्लास बायकोच्या नावावर असो, की 'तू माझी पोरं घे, मी तुझी घेतो' असला तह शेजारच्या शाळेशी असो. हा तह सगळ्यांना माहीत असतो, बोलत कोणी नाही.

हे पकडायचं कसं, तर लेखीचे मार्क आणि अंतर्गत मार्क शेजारी लावून बघा. अंतर्गतला सगळेच सढळ असतात, त्यामुळे एकट्या पोराचं बघून काही कळत नाही, पण ट्यूशनवाल्या पोरांना 19 आणि लेखीला 25-30, आणि तेवढेच लेखीत मिळवणाऱ्या बाकीच्यांना अंतर्गत 13-14 दिसायला लागले की विचारायचं. दुसरी खूण म्हणजे चाचणी चालू असताना मागच्या बाकावरून 'हे आपण क्लासला सोडवलंय' अशी कुजबुज. ती मी स्वतः ऐकलीय.

भेटवस्तूंवर तर भांडणच झालं. कोकणात कोणी काही आणलं आणि तुम्ही परत पाठवलंत तर त्याचा अपमान होतो, पानात बांधून आणलेली करवंदं पोराला परत देणारी बाई मी तरी होणार नाही. पण सीझनच्या सुरुवातीची हापूसची पेटी, फेब्रुवारी-मार्चमधली, जेव्हा भाव आभाळाला असतो आणि नेमके अंतर्गत मार्कही तेव्हाच भरायचे असतात, ती वेगळी. म्हणून ठरवलं की पैसे, सोनं, साडी कधीच नाही, निकालाआधी पेटी नाही, आणि बाकी जे येईल ते स्टाफरूमच्या टेबलावर सगळ्यांसाठी, रजिस्टरात नोंद करून. गणपतीचे मोदक नोंदीशिवाय, त्यावर एकमत लगेच झालं 😄

सोशल मीडियाचं मला आधी फार वाटत नव्हतं. मग एका शिक्षकाने मोफत वह्यावाटपाचा फोटो स्टेटसला टाकला, चेहरे स्पष्ट. हेतू चांगला होता. पण त्यातली एक मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही, का तर वाडीतल्या पोरी चिडवत होत्या की तुझ्या वह्या फुकटच्या. आता नियम असा की मदत घेतानाचा फोटो काढायचाच नाही, कार्यक्रमाचा फोटो असेल तर पालकांची लेखी संमती आणि तोही शाळेच्या पेजवरच, स्वतःच्या स्टेटसला नाही. मुलांना रात्री पर्सनल मेसेज नाही, जे सांगायचं ते पालक असलेल्या ग्रुपवर.

तो पोरगा पास झाला, गणितात काठावर. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्याची आई ऑफिसात आली, पिशवीत पेंढ्यात गुंडाळलेले डझनभर आंबे, घरच्या कलमाचे. शिपाईकाकांनी रजिस्टर उघडलं आणि माझ्याकडे बघत विचारलं, "ह्या पण लिवचा?"

म्हटलं, लिहा. बारा. एक कापा, बाईंनापण द्या.