साने गुरुजींच्या आयुष्याचे दिवस १८,४३३ भरत नाहीत

फिरत असलेला संदेश असा आहे :

«साने गुरुजी. २४ डिसेंबर १८९९ ते ११ जून १९५०. एकूण १८,४३३ दिवस. मधे चारने भाग जाणारी १३ वर्षं येतात, म्हणून १३ लीप दिवस. पहिला आणि शेवटचा दिवस धरायचाच असतो, तो नियमच आहे. एक्सेलमध्येही हाच आकडा येतो. जयंतीला शाळेच्या फलकावर लिहा.»

अमळनेर, पारोळा, धुळे, सगळीकडच्या शाळांच्या गटांत हा पोहोचला आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात गुरुजींनी शिकवलं, त्यामुळे आपल्याकडे तो पुढे जाणारच. दोन्ही तारखा बरोबर आहेत. चूक मोजणीत आहे, आणि ती फलकावर जायच्या आत दुरुस्त व्हायला हवी, कारण मुलं तीच मोजणी शिकतील.

१३ लीप दिवस

१९०४ पासून १९४८ पर्यंत दर चार वर्षांनी एक अशी १२ लीप वर्षं होतात. तेरावं म्हणून धरलं आहे ते १९००, आणि ते लीप वर्ष नव्हतं. चारने भाग जाणं पुरेसं नसतं. शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग गेला तरच त्यात २९ फेब्रुवारी येते. २००० ला गेला, १९०० ला जात नाही.

नियम असा का, तेही मुलांना सांगता येईल. ऋतूंचं वर्ष साधारण ३६५.२४२२ दिवसांचं असतं. दर चौथ्या वर्षी एक दिवस घातला तर सरासरी ३६५.२५ होते, म्हणजे थोडी जास्त, आणि शतकानुशतकं तो फरक साठत जातो. म्हणून १५८२ मध्ये कॅलेंडर सुधारताना ४०० वर्षांतले तीन लीप दिवस वगळले आणि सरासरी ३६५.२४२५ वर आणली. आज शाळेत बसलेल्या कुणीही वगळलेलं शतकवर्ष अनुभवलेलं नाही. २००० साल चारच्या नियमाशी जुळलं, म्हणून हा अपवाद बहुतेकांच्या ध्यानातच राहत नाही.

आता कागदावर मोजू. २४ डिसेंबर १८९९ ते २४ डिसेंबर १९४९ ही पूर्ण ५० वर्षं. ५० गुणिले ३६५ म्हणजे १८,२५०, त्यात १२ लीप दिवस मिळवले की १८,२६२. पुढे डिसेंबरचे उरलेले ७, जानेवारीचे ३१, फेब्रुवारीचे २८, मार्चचे ३१, एप्रिलचे ३०, मेचे ३१ आणि जूनचे ११, मिळून १६९. बेरीज १८,४३१. एका तारखेतून दुसरी वजा केल्यावर येणारा फरक हा. यात दोन टोकांपैकी एकच दिवस धरलेला आहे.

हा आकडा तपासायची एक सोपी रीत आहे, ती वार बघायची. २४ डिसेंबर १८९९ ला रविवार होता, ११ जून १९५० लाही रविवारच. रविवार ते रविवार फरक सातच्या पटीतच हवा. १८,४३१ म्हणजे बरोबर २,६३३ आठवडे, बाकी शून्य. १३ लीप दिवस धरले तर फरक १८,४३२ होतो आणि एक बाकी उरते. जास्तीचा दिवस तिथेच पकडला जातो. मात्र वार जुन्या पंचांगातून किंवा त्या काळच्या छापील अंकातून घ्यावा. ज्या हिशोबाची तपासणी करायची त्याच्यातूनच वार काढला तर तो हिशोबाला साक्ष देईल, चूक दाखवणार नाही. शिवाय चूक नेमकी सात दिवसांची असेल तर वार ती दाखवत नाही. एखादा महिना ३१ ऐवजी ३० चा धरला असली एका दिवसाची चूक मात्र लगेच कळते.

पहिला आणि शेवटचा दिवस धरायचाच

असा सरसकट नियम कुठेही नाही. प्रश्न काय विचारला आहे त्यावर ते ठरतं. गुरुजी किती तारखांना या जगात होते, असं विचारलं तर जन्माचाही दिवस त्यांचा आणि अखेरचाही त्यांचा. दोन्ही धरून १८,४३२. जन्मानंतर किती दिवस उलटले, असं विचारलं तर १८,४३१. दोन्ही उत्तरं खरी आहेत, फक्त कुठलं दिलं ते लिहावं लागतं.

आपल्या घरांत दोन्ही पद्धती चालतात. दहावा मोजताना मृत्यूचा दिवस पहिला धरतात, म्हणून १० तारखेला माणूस गेला तर दहावा १९ ला येतो, २० ला नाही. कायद्याची मोजणी उलटी आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम ९ प्रमाणे कायद्यात ‘अमुक दिवसापासून’ असं म्हटलं असेल तर तो पहिला दिवस सोडायचा, आणि ‘अमुक दिवसापर्यंत’ म्हटलं असेल तर तो शेवटचा दिवस धरायचा. १९६३ च्या मुदत कायद्याचं कलम १२ देखील ज्या दिवसापासून मुदत सुरू होते तो दिवस वगळतं. समजा केळीच्या बागेच्या वादात एका शेतकऱ्याला १० जूनला नोटीस मिळाली आणि मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर द्यायचं आहे. पहिला दिवस ११ जून आणि शेवटचा २५ जून. दहाव्याच्या रीतीने मोजणारा २४ लाच मुदत संपली समजून हात टेकेल आणि हक्काचा एक दिवस घालवेल. दोन्ही टोकं धरायचा ‘नियम’ पसरवण्यातला धोका हाच आहे.

एक्सेलमध्येही हाच आकडा येतो

येतो, आणि तो कसा येतो हे महत्त्वाचं आहे. एक्सेलची तारखांची नेहमीची मोजणी १ जानेवारी १९०० ला एक धरून सुरू होते. त्याआधीची तारीख त्याला तारीख म्हणून कळत नाही, तो ती साधा मजकूर समजतो. म्हणून संदेश तयार करणाऱ्याने बहुधा ११ जून १९५० चा क्रमांक काढला, तो १८,४२५ येतो. त्यात २४ ते ३१ डिसेंबरचे आठ दिवस मिळवले की झाले १८,४३३. पण एक्सेलच्या मोजणीत कधीच न उगवलेली २९ फेब्रुवारी १९०० आहे. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅममधली ही चूक सुसंगतीसाठी तशीच ठेवली गेली. १८,४३३ मधला जास्तीचा दिवस तो.

यातली फसवी बाब अशी की १९०० लीप धरणाऱ्याने साधी वजाबाकी केली तर उत्तर १८,४३२ येतं. दोन्ही दिवस धरून येणारा बरोबर आकडाही तोच. एक चूक दुसरीला झाकते आणि उत्तर जुळल्यासारखं दिसतं. म्हणून नुसता आकडा पडताळून भागत नाही, किती लीप दिवस धरले आणि कुठली टोकं धरली हेही विचारावं.

एक्सेलमध्येच बरोबर उत्तर हवं असेल तर दोन्ही तारखा ४०० वर्षं पुढे न्याव्यात. दर ४०० वर्षांत १,४६,०९७ दिवस असतात, म्हणजे पूर्ण २०,८७१ आठवडे. त्यामुळे फरकही तोच राहतो आणि वारही तेच. २३०० हेही १९०० सारखंच लीप नाही, आणि तिथे एक्सेल चुकत नाही :

```
=DATE(2350,6,11)-DATE(2299,12,24)
```

उत्तर 18431 येतं. ज्यांना फलक लिहायचा आहे त्यांनी असं लिहावं : २४ डिसेंबर १८९९ ते ११ जून १९५०, दोन्ही दिवस धरून १८,४३२ दिवस.