नोडवर बेरीज जुळली, पण उत्तर चुकलेलं असू शकतं

«सर्किटचं उत्तर तपासायला फार काही लागत नाही. नोडवर येणारा करंट आणि जाणारा करंट सारखा आला, वर पॉवरची बेरीज जुळली, की उत्तर शंभर टक्के बरोबर,» असा एक समज आहे. तो खरा नाही.

मेश पद्धतीने गणित सोडवलं असेल तर नोडवरची बेरीज काहीच तपासत नाही. मधल्या फांदीचा करंट आपण दोन मेश-करंटची वजाबाकी करूनच काढतो, त्यामुळे मेश-करंट कितीही चुकले तरी ती बेरीज जुळतेच.

एक सर्किट घ्या. डावीकडे 14 व्होल्टचा सोर्स आणि 2 ओहम, मधे 4 ओहम, उजवीकडे 3 ओहम आणि त्याच्याशी सिरीजमध्ये 5 व्होल्टचा सोर्स. दोन्ही सोर्सचं धन टोक वर. खरं उत्तर असं: डावीकडून 3 अँपिअर येतात, मधून 2 आणि उजवीकडून 1 खाली जातो, वरचा नोड 8 व्होल्टवर.

आता उजव्या मेशचं समीकरण लिहिताना 5 चं चिन्ह उलटं पडलं, तर करंट येतात 4.54, 1.23 आणि 3.31. नोडवर बेरीज जुळते. डावा लूपही जुळतो. चूक दिसते ती बाहेरच्या मोठ्या लूपमध्ये: 2×4.54 + 3×3.31 + 5 म्हणजे 24, आणि सोर्स तर 14 चा. फरक बरोबर 10, म्हणजे 5 ची दुप्पट. फरक एखाद्या सोर्सच्या दुप्पट निघाला की आधी त्याच सोर्सचं चिन्ह बघावं. मात्र हा लूप आकृतीवरून नव्याने लिहायला हवा. जुनी दोन समीकरणं नुसती मिळवली तर त्यांतली चूक इथेही येते.

नोडल पद्धतीत नेमकं उलटं होतं. तिथे फांद्यांचे व्होल्टेज नोडच्या व्होल्टेजमधूनच निघतात, त्यामुळे लूप आपोआप जुळतात. खरी परीक्षा नोडवरच्या करंटची असते.

पॉवरच्या बेरजेवर तर आणखी जपून विसंबावं. वरच्याच सर्किटमध्ये करंट बरोबर काढले, पण नोडचा व्होल्टेज 8 ऐवजी 9 लिहिला, असं समजू. व्होल्टेज गुणिले करंट केलं तर रेझिस्टरमध्ये 15, 18 आणि 4 वॅट, आणि 5 व्होल्टचा सोर्स घेतो 5 वॅट. एकूण 42. 14 व्होल्टचा सोर्सही 42 वॅटच देतो! हे टेलेगेनच्या प्रमेयामुळे घडतं: करंट नोडवर जुळत असतील आणि व्होल्टेज लूपमध्ये जुळत असतील, तर पॉवर जुळतेच, मग ओहमचा नियम मोडलेला का असेना. म्हणून प्रत्येक रेझिस्टरवर V = IR वेगळं लावून बघावं. इथे 4 ओहममधून 2 अँपिअर म्हणजे 8 व्होल्ट, आणि उत्तरात आहेत 9; चूक तिथेच सापडते.

आकृतीतले 3 ओहम वहीत 30 असे उतरले, तर यातली एकही तपासणी ते पकडत नाही, कारण उत्तर त्या दुसऱ्या सर्किटसाठी अगदी बरोबर असतं. तपासताना आकडे वहीतून घेऊ नयेत, प्रश्नातल्या आकृतीवरून घ्यावेत.