मयताला नोटीस कोणी बजावायची?

माझ्या शेताची हद्द सरकारी मोजणीने ठरवून घ्यायची म्हणून गेल्या गुरुवारी सकाळी साडेनऊ वाजता दोन मजूर, चुन्याची गोणी आणि हद्दीवर रोवायचे बारा दगड घेऊन मी पश्चिमेच्या बांधावर उभा होतो. भूकरमापक साडेबारा वाजता आले. त्यांनी मोजणीच्या रोव्हर यंत्राची पेटी मोटारसायकलवरून उतरवलीच नाही. गाडीच्या सीटवर फाइल उघडली आणि त्यातून पोस्टाने परत आलेला एक लिफाफा काढून माझ्यासमोर धरला. त्यावर निळ्या शाईत शेरा होता : ‘इसम मयत, सबब परत.’

‘‘एका लगतधारकाला नोटीस बजावली गेलेली नाही. आज मोजणी घेता येणार नाही,’’ ते म्हणाले आणि पाणीसुद्धा न पिता निघून गेले.

हा इसम मयत आहे हे मला पोस्टाने कळवण्याची गरज नव्हती, कारण दोन वर्षांपूर्वी त्यांना खांदा देणाऱ्यांत मीच होतो. अर्ज भरतानाच मी खिडकीवरच्या लिपिकांना तसे सांगितले होते. त्यावर चतुःसीमेच्या रकान्यात सातबाऱ्यावर जे नाव आहे तेच लिहा, आम्ही अभिलेखाबाहेर जात नाही, असे मला सुनावण्यात आले. मी अभिलेखाप्रमाणे नाव लिहिले, कार्यालयाने अभिलेखाप्रमाणे नोटीस काढली आणि पोस्टमनने, या साखळीतील एकट्या शहाण्या माणसाने, वस्तुस्थिती लिहून ती परत पाठवली. आता त्याच खिडकीवर मला विचारले जाते की वारसांची नावे आणि पत्ते आधीच का दिले नाहीत!

माझा खरा संताप त्या नोटिशीतील शेवटच्या वाक्यावर आहे. आपण हजर न राहिल्यास आपल्या गैरहजेरीत मोजणीचे काम पूर्ण करण्यात येईल, असे त्यात स्पष्ट छापलेले असते. म्हणजे जिवंत शेजारी नोटीस घेऊन घरी झोपून राहिला, तर मोजणी होते. मात्र जो कधीच हजर राहू शकणार नाही, त्याच्यासाठी ती थांबते. अडचण गैरहजेरीची नसून बजावणीची आहे, हे मला कळते. ती फाइलमध्ये नसेल तर उद्या कोणीही वारस उठून ‘आम्हाला न कळवता मोजले’ अशी हरकत घेईल आणि सगळेच वाया जाईल. पण मग मयताच्या नावाने नोटीस काढताना ही अक्कल कोठे गेली होती?

त्यांच्या मुलांनी वारस नोंद केलेली नाही आणि दुसऱ्याच्या घरातील वारस नोंद मी करून आणू शकत नाही. चार भाऊ, दोन बहिणी; एक भाऊ सुरतेला, बहिणी दोन वेगळ्या तालुक्यांत. सर्वांचे पत्ते गोळा करून देणे हे अर्जदाराचे काम. मग फेरनोटीस, नवी तारीख, आणि तारखेपूर्वी पुन्हा पंधरा दिवसांची मुदत. तलाठ्यांचे ग्राम महसूल अधिकारी झाले, मोजणीच्या प्रकारांत साधी, तातडी, अतितातडी जाऊन नियमित आणि द्रुतगती आली, आणि मी द्रुतगतीचे पैसे भरून संथगती विकत घेतली. तोवर बांधालगतचा ऊस डोक्याच्या वर जाईल आणि पुढच्या तारखेला ‘पीक उभे आहे’ हा शेरा मिळेल, हे मी आजच लिहून देतो. याआधीची तारीख भूकरमापकांना न्यायालयाच्या मोजणीवर जावे लागल्याने हुकली होती, तेव्हाही मजुरांची मजुरी मीच दिली. ‘सबब’ हा शब्द तर मला आता कानाखाली मारल्यासारखा लागतो.

आणि हे सगळे कशासाठी? चारशे फूट लांबीच्या बांधावर दरवर्षी नांगराचे एखादे तास इकडे सरकत आज अंदाजे तीन फूट गेले आहेत. बाराशे चौरस फूट, म्हणजे गुंठ्याहून थोडे अधिक. तेही माझ्या पावलांनी मोजलेले. गटाच्या नकाशाने कदाचित माझेच दोन फूट पलीकडे निघतील.

इथे एक गोष्ट नाइलाजाने कबूल करतो. तीन वर्षांपूर्वी उत्तरेच्या शेजाऱ्याने मोजणी मागितली, तेव्हा माझ्या नावाची नोटीस आली होती. मी घरातूनच, स्वतःच्या आवाजात, ‘‘ते घरी नाहीत,’’ असे ओरडून पोस्टमनला परत पाठवले होते. तोच पोस्टमन आहे. परवा रस्त्यात भेटला आणि फारच आदराने हसला.

काल वारसांपैकी थोरल्याकडे पत्ते मागायला गेलो. त्याने चहा दिला, वहीत पत्ते लिहून दिले आणि निघताना म्हणाला, ‘‘काका, तुमच्या कचेरीत फेऱ्या चालूच आहेत, तर आमच्या वारस नोंदीचंही तेवढं बघा ना.’’