डीपीएफचा दिवा पुन्हा लागल्याच्या तक्रारीला गॅरेजमालकाचे उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय: "डीपीएफचा दिवा लागला म्हणून पैसे मोजून फिल्टर साफ करून घेतला. तीन आठवड्यांत दिवा परत! कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असताना हा फिल्टर हवाच कशाला? काढून टाका म्हटलं तर नकार. निव्वळ लूट."

मालकाचे उत्तर:

नमस्कार. आपल्या नाराजीला आमची एक चूकही कारणीभूत आहे. तिच्याबद्दल पुढे लिहितो.

कन्व्हर्टर केवळ वायूंवर काम करतो. त्याच्या जाळीवर प्लॅटिनम आणि पॅलेडियमचा थर असतो आणि ती सुमारे 200 अंशांच्या वर तापली की कार्बन मोनॉक्साइड व न जळलेल्या इंधनाची वाफ यांचे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते. काजळी मात्र घन असल्याने बहुतांशी त्या उघड्या नळ्यांतून तशीच पुढे जाते. ती अडवण्यासाठी मागे डीपीएफ असतो. त्यातल्या नळ्या आळीपाळीने एकेका टोकाला बुजवलेल्या असतात, त्यामुळे धुराला सच्छिद्र भिंतीतून झिरपावे लागते आणि काजळी भिंतीवर राहते.

ही साठलेली काजळी जाळायला साधारण 600 अंश तापमान लागते, आणि शहरातल्या रहदारीत डीझेलचा धूर तेवढा तापत नाही. म्हणून संगणक सिलिंडरमध्ये उशिरा थोडे जास्तीचे इंधन सोडतो. ते कन्व्हर्टरमध्ये जळते आणि ती उष्णता फिल्टरला मिळते. म्हणजे आपण ज्याच्या भरवशावर फिल्टर काढायला सांगता, तोच त्याची शेगडी आहे.

आपली गाडी रोज जेमतेम चार किलोमीटर जाऊन बंद होते, हे आपण दुसऱ्या भेटीत सांगितले. काजळी जाळण्याचे काम पंधरा-वीस मिनिटांचे असल्याने ते दरवेळी अर्धवट राहिले आणि उशिरा सोडलेले इंधन सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरले. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर होती, ती त्यामुळेच. फिल्टर मात्र खराब नाही, कारण पहिल्या वेळी काजळी जाळल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक नीट खाली आला होता. आत ऑइलची राख भरली असती, तर ती जळत नसल्याने हा फरक जास्तच राहिला असता.

पहिल्याच भेटीत डिपस्टिक पाहायला आणि रोजची धाव विचारायला हवी होती. ती चूक आमची. त्यामुळे दुसऱ्या वेळची मजुरी आम्ही परत करत आहोत. ऑइल मात्र मॅन्युअलमधल्या कमी राखेच्या दर्जाचेच घालावे लागेल. फिल्टर काढणे बेकायदा आहे, आणि ते आमच्याकडे होणार नाही.

यापुढे दिवा नुसता लागला, तर गाडी मोकळ्या रस्त्यावर साठच्या वर, एक गिअर खाली ठेवून, वीसेक मिनिटे सलग चालवावी. दिवा लुकलुकू लागला किंवा गाडीची ताकद कमी झाली, तर मात्र तसे न करता ती थेट आमच्याकडे आणावी.