फोटोसोबत जाणारं ते एक वाक्य

हस्तलिखित तक्त्याचा फोटो एआयला देऊन खाली "हे टाईप करून दे" एवढंच लिहिलं, की पुढचे सगळे निर्णय त्याच्यावर सोडल्यासारखं होतं. पुसट आकड्याचं काय करायचं, खोडलेली ओळ घ्यायची की नाही, हे तुम्ही सांगितलेलं नसतं. मग ते काहीतरी ठरवून टाकतं आणि उत्तर इतकं नीटनेटकं दिसतं की शंकाही येत नाही.

समजा, साठ्याच्या वहीच्या पानावर १२ ओळी आहेत. माझ्या मते विनंती अशी हवी:

"या पानावरच्या १२ ओळी साठ्याची बेरीज करण्यासाठी, मूळ वही न पाहिलेल्या हिशेबनिसाला वापरता येतील अशा, तारीख, वस्तू, नग आणि शेरा या चार रकान्यांच्या तक्त्यात उतरव, पण जे वाचता येत नाही तिथे अंदाज न करता [?] लिही आणि खोडलेल्या ओळींपुढे शेऱ्यात 'खोडलेली' अशी नोंद कर."

'बेरीज करण्यासाठी' म्हटल्यामुळे नगाच्या रकान्यात '५ डझन' असं न येता नुसता आकडा हवा, हे कळायला मदत होते. तरी वहीत खरोखर डझन लिहिलेले असतील, तर 'डझनाचे नग करून' हे शब्द वाक्यात घालाच. हिशेबनिसाचा उल्लेख शोभेसाठी नाही. त्याच्यासमोर वही नसल्यामुळे प्रत्येक शंका तक्त्यातच दिसायला हवी. हीच माहिती वही लिहिणाऱ्यालाच परत द्यायची असती, तर शेऱ्याचा रकाना गाळला तरी चाललं असतं.

सगळ्यात जास्त विचार 'पण'नंतर घातलेल्या मर्यादेवर करा. "चुका करू नकोस" ही मर्यादा नव्हे, कारण ती पाळली की नाही हे तपासता येत नाही. "वाचता येत नसेल तर [?]" हे तपासता येतं. देवनागरीत घाईने लिहिलेले १ आणि ९ सहज एकमेकांसारखे दिसतात आणि आजूबाजूच्या आकड्यांना शोभेल तो आकडा भरला जातो. पान डागाळलेलं असूनही उत्तरात एकही [?] नसेल, तर अंदाज केलेला आहे असं समजून फोटोशी ताडून बघा.

१२ हा आकडाही तपासणीसाठीच आहे. ११ ओळी आल्या तर एखादी गळली किंवा दोन एकत्र झाल्या. पानाच्या तळाशी बेरीज लिहिलेली असेल, तर फोटोतून ती कापून टाका आणि नंतर आलेल्या नगांची बेरीज तिच्याशी स्वतः जुळवा. खोडलेल्या ओळी मात्र बेरजेत धरू नका.

वाक्य कितीही नेमकं असलं तरी फोटोत नसलेला तपशील त्यातून येत नाही. मोठे फोटो बऱ्याचदा वाचण्याआधी लहान केले जातात, त्यात बारीक अक्षर पुसट होतं. म्हणून अख्खं टेबल दिसणारा फोटो नको, तक्त्यापुरता कापलेला द्या. दाट लिहिलेलं पान असेल तर दोन तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्यासोबत हेच वाक्य, फक्त ओळींचा आकडा बदलून.