पाठमोऱ्या बायका : एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया : "प्रदर्शनाचं निमंत्रण वाचलं, चित्रांचे फोटो पाहिले. लाल रंग भडक वाटतो. कुणबी कापड, ती लाल चौकड्यांची साडी, आज शेतात नेसतं कोण? मॅक्सीवर शर्ट चढवून उतरतात बायका. गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेकांनी येशूच्या आईला, मेरीला, साडी नेसवली, पण तिला चेहराही दिला. तुमच्या चौदापैकी अकरा बायका पाठमोऱ्या. चेहरे जमत नाहीत म्हणून पाठी रंगवायच्या नि त्याला 'गावातली स्त्री' म्हणायचं, हे फोटोवरून चित्रं काढणाऱ्यांचं काम."

लाल रंगाचं मान्य. फोटो मी घाईत, ट्यूबलाइटखाली काढले, त्यात लाल फुटला आहे. चित्रात तो इतका भडक नाही. चूक माझी.

पण शेवटचं वाक्य ज्या सुरात लिहिलंय, तो सूर मला झोंबला, हे लपवत नाही. एखाद्याचं तीन वर्षांचं काम मोबाइलवर पाहून 'जमत नाही' असा निकाल द्यायचा, तोही नाव न देता? चेहरे जमत नाहीत म्हणता. कळंगुटच्या किनाऱ्यावर अकरा हंगाम मी माणसांचे चेहरे काढूनच पोट भरलं. वीस मिनिटांत एक चेहरा, समोर गिऱ्हाईक चुळबुळत बसलेलं, पाठीशी त्याचे नातेवाईक. नाक चुकलं तर पैसे मिळत नसत. चेहरा काढणं मला पाठ काढण्यापेक्षा सोपं जातं.

आता पाठीचं. तुम्ही भातलावणीला कधी उभे राहिला आहात का? तरवा लावणारी बाई पुढे जात नाही, मागे सरकते. पुढे गेली तर नुकतीच लावलेली रोपं तिच्याच पायाखाली येतील. म्हणून ती ओणवी होऊन, रोपं समोर ठेवत, एकेक पाऊल मागे घेते. ज्या बांधाकडे ती सरकत येते, त्याच बांधावर मी बसतो, कारण समोरच्या बाजूला लावणी झालेली असते आणि तिथे पाय ठेवलेला कुणालाच चालत नाही. मग मला दिसणार काय? पाठ, गुडघ्यापर्यंत खोचलेलं कापड, खांद्यावरची गाठ. समोर असतो तरी ओणव्या बाईचं डोकंच दिसलं असतं. चेहरा मी लपवलेला नाही. त्या कामात तो खाली चिखलाकडे असतो.

फोटोवरून म्हणता, त्याचंही ऐका. डाव्या हातातल्या मुठीतून दोन-तीन काड्या सुटतात, उजव्या हाताचा अंगठा त्यांना चिखलात दाबतो, हात वर येतो. हे सगळं दोन-तीन सेकंदांत संपतं. कोणतीही बाई माझ्यासाठी थांबत नाही, पण तीच हालचाल ती दिवसभर परत परत करते. म्हणून मी एका कागदावर चार पाठी सुरू करतो, एक दाबतानाची, एक हात वर येतानाची, आणि ती ती स्थिती परत आली की तेवढीच रेघ पुढे नेतो. पावसात कागद वाळत नाही, जलरंगाचा हात पसरतो, म्हणून शेतावर फक्त पेन्सिल, रंग घरी. मोबाइलने जवळून काढलेल्या फोटोत अलीकडची कंबर अवाढव्य होते नि पलीकडचं डोकं लिंबाएवढं. माझ्या चित्रांत हे प्रमाण बिघडलेलं कुठे दिसलं, ते दाखवा.

आणि ही पाठ मला पुस्तकातून सापडलेली नाही. माझी आई दुसऱ्याच्या शेतात लावणी करायची. मी आठ-नऊ वर्षांचा असेन, हौसेने तिच्या शेजारी उतरलो आणि रोप कोपरापर्यंत हात घालून रोवलं. तिने मागे न वळता हात लांब करून ते उपटलं, वर आणून परत लावलं. "खोल गेलं तर फुटवे येत नाहीत," एवढंच म्हणाली. त्या सबंध सकाळी मी तिचा चेहरा पाहिला नाही, आणि तीच मला सर्वांत स्पष्ट आठवते. 'गावातली स्त्री' कुणाला म्हणायचं, हे तुम्ही मला शिकवू नये.

मॅक्सीबद्दल : आमच्या वाड्यावर दोघी-तिघी वयस्क बायका अजून कापड नेसतात, मी त्यांनाच रंगवतो. प्रत्येक चित्रात सगळ्या गावाची शिरगणती असायलाच हवी, असं मला वाटत नाही. फोन्सेका मोठे चित्रकार, त्यांच्याशी तुलनेचा प्रश्नच येत नाही. त्यांची मेरी लावणी करत नाही.

प्रदर्शन शनिवारी पणजीत सुरू होतंय, पत्ता निमंत्रणात आहे. या. आत शिरल्यावर डाव्या भिंतीवरचं तिसरं चित्र जवळून पाहा. त्यात बाई पाठमोरीच आहे, पण मागे लांब केलेल्या हातात उपटलेलं एक रोप आहे.